इन्स्टाग्रामवरचं नाव बदलताना जुनं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून

हँडल बदललं की फॉलोअर जातात, अशी भीती घालणारे बरेच भेटतील. तसं होत नाही. इन्स्टाग्रामवर युजरनेम बदललं तरी अकाउंट तेच राहतं. फॉलोअर, पोस्ट, रील, हायलाइट, डीएममधलं जुनं बोलणं, सगळं जागच्या जागी असतं. तुटतो तो पत्ता. जुन्या हँडलची लिंक कुणीतरी दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेली असते, डब्याच्या झाकणावर छापलेली असते, एखाद्या फूड ब्लॉगरच्या कॅप्शनमध्ये असते. ती उघडली की समोर येतं `Sorry, this page isn't available.` आणि गिऱ्हाईक समजतं की यांनी धंदा बंद केला.

फॉलोअर थोडे कमी होतात, पण त्याचं कारण वेगळं असतं. एकाच दिवशी हँडल, लोगो आणि रंग असं सगळंच बदललं, तर फीडमध्ये अनोळखी गोल चित्र आणि अनोळखी नाव दिसतं. "हे कोण? मी यांना कधी फॉलो केलं?" असं म्हणून माणूस अनफॉलो करून मोकळा होतो. त्यामुळे पुढचं सगळं दोन गोष्टींभोवती फिरतं: तुटणारे पत्ते सांभाळायचे आणि ओळख एकदम पुसायची नाही.

उदाहरण सगळीकडे एकच धरू. गिरगावातल्या एक काकू. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेता घेता धंदा वाढला, "गिरगाव फराळ" हे नाव पडलं. मग चाळ पुनर्विकासाला गेली, काकू दहिसरला राहायला गेल्या आणि आता वर्षभर थालीपीठ भाजणी, मेतकूट, लाडू, लग्नाच्या रुखवताचे पदार्थ, सगळंच करतात. नावात गिरगावही उरलं नाही आणि नुसता फराळही नाही. नवं नाव ठरलं "पाटपाणी". दोन्ही नावं आणि हँडलं मी उदाहरणापुरती घेतली आहेत. फॉलोअर साडेसहा हजार, आणि निम्म्याहून जास्त ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या, असं समजा.

जुनं नाव कुठे कुठे आहे, ते आधी कागदावर

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढे सहा महिने एकेक भोक सापडत राहतं. एक वही घ्या आणि जुनं नाव किंवा हँडल जिथे जिथे दिसतं ती प्रत्येक जागा लिहा. इन्स्टाग्राम, फेसबुक पेज, व्हॉट्सॲप बिझनेस, गुगल मॅप्स आणि ऑर्डरचा गुगल फॉर्म हे पटकन आठवतं. आठवत नाही ते असं: व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमधल्या फोटोंवरचा वॉटरमार्क, रेट कार्डाची पीडीएफ, कुरियरच्या पावतीवरचं नाव, वाण्याकडे विकायला ठेवलेल्या पुड्यांची लेबलं, काउंटरवरचा स्कॅनर, ज्या महिला मंडळाच्या प्रदर्शनात स्टॉल लावता त्यांच्या यादीतली नोंद.

प्रत्येक जागेपुढे तीनपैकी एक खूण करा: मी स्वतः बदलू शकते, दुसऱ्याला सांगून बदलायला लागेल, बदलताच येणार नाही. तिसऱ्या खुणेचीच यादी महत्त्वाची. जुने डबे लोकांच्या स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ भरून उभे आहेत, त्यांवरचं हँडल बदलणार कसं? या तिसऱ्या यादीसाठीच जुनं हँडल आपल्याकडे राखून ठेवायचं असतं. ते कसं, ते पुढे येतंच.

नवं स्पेलिंग ठरवताना

मराठी नाव रोमन अक्षरांत लिहायला बसलं की प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. पाटपाणी कुणी `patpani` लिहील, कुणी `paatpaani`, कुणी `patpaani`. इथे स्वतःच्या आवडीवर जाऊ नका. घरातल्या आणि ओळखीच्या दहा-बारा जणांना नाव फक्त तोंडी सांगा आणि मोबाइलवर टाइप करायला लावा. जास्तीत जास्त लोकांनी लिहिलं ते स्पेलिंग घ्यायचं. बहुतेक वेळा सगळ्यात कमी अक्षरांचंच जिंकतं.

युजरनेममध्ये फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब आणि अंडरस्कोर चालतात, आणि मर्यादा 30 अक्षरांची. हवं ते नाव कुणी घेतलेलं असेल तर पुढे-मागे अंडरस्कोर लावत बसण्यापेक्षा गाव किंवा पदार्थ जोडा. `patpani.mumbai` फोनवर सांगता येतं. `_patpani__` सांगता येत नाही. जिथे जिथे अकाउंट असेल तिथे शक्यतो तेच हँडल मिळतंय का, हेही याच वेळी पाहून घ्या.

नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्कचा शोधही घ्या. आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध फुकट आहे. त्यात उच्चारावरून शोधायचाही पर्याय आहे, त्यामुळे वेगळं स्पेलिंग असलेलं सारखं नाव सापडतं. चकली, चिवडा, पिठं, मसाले हे मुख्यतः वर्ग 30 मध्ये येतात, खानावळ किंवा केटरिंग वर्ग 43 मध्ये. स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्याला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे. अर्ज लगेच करा असा आग्रह नाही, पण शोध न घेता बोर्ड रंगवू नका. एकदा नाव बदलणं गिऱ्हाईक समजून घेतं. कुणाची नोटीस आली म्हणून वर्षभरात पुन्हा बदललंत, तर लोक नाव लक्षात ठेवायचंच सोडून देतात.

मुहूर्त कुठला

काकूंची इच्छा गुढीपाडव्याची. छान आहे, पण पाडव्याच्या सकाळी श्रीखंडाच्या ऑर्डरी निघत असताना हँडल बदलायला बसायचं नाही. हँडल तीन आठवडे आधी, फाल्गुनातच बदलायचं. पाडव्याला नवा लोगो आणि नवा डबा लोकांसमोर आणायचा. मुहूर्ताचा मान राहतो आणि ओळख दोन टप्प्यांत बदलते.

श्रावण ते दिवाळी या काळात कुठलाच बदल करू नका. त्या दिवसांत वर्षातून एकदाच येणारं गिऱ्हाईक तुम्हाला शोधत असतं, आणि ते जुन्याच नावाने शोधतं.

बदलासाठी मंगळवार-बुधवारची सकाळ बरी. काही अडलं तर हातात दोन दिवस असतात, आणि शनिवार-रविवारच्या ऑर्डरींच्या आधी सगळं जागेवर येतं.

बदलाची सकाळ

नवं हँडल हातात येईपर्यंत नवं नाव कुठेच जाहीर करू नका. "लवकरच आम्ही नव्या नावाने येतोय, ओळखा पाहू" अशा पोस्टी टाकून नाव आधीच फोडलं आणि कुणी हँडल उचललं, तर दाद मागायला जागा नाही.

काही जण नवं हँडल आधीच एका रिकाम्या अकाउंटवर घेऊन ठेवतात. त्यातला धोका माहीत असू द्या. त्या अकाउंटवरून ते सोडल्यावर मुख्य अकाउंटला लगेच मिळेलच, याची खात्री नसते. सोडलेलं नाव काही दिवस अडकून राहू शकतं. ते रिकामं अकाउंट डिलीट करणं तर त्याहून वाईट, कारण डिलीटची विनंती टाकल्यावर अकाउंट कायमचं पुसलं जायला 30 दिवस लागतात. म्हणून हँडल मोकळं असेल तर थेट मुख्य अकाउंटवरच घ्या. आधी घेऊन ठेवलंच असेल, तर अदलाबदल आणि जाहीर तारीख यांत किमान दोन-तीन आठवडे ठेवा. आपले तीन आठवडे आहेतच.

आता मोबाइल हातात घ्या. प्रोफाइलवर जाऊन `Edit profile` उघडा. तिथे `Name` आणि `Username` असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि नवख्यांचा घोळ इथेच होतो. `Username` म्हणजे हँडल, जे लिंकमध्ये येतं. `Name` म्हणजे प्रोफाइलवर ठळक दिसणारं नाव. इन्स्टाग्रामवर कुणी शोधलं तर दोन्ही रकान्यांत शोध होतो. म्हणून हँडल नवं घ्यायचं, पण जुनं नाव `Name` मध्ये जिवंत ठेवायचं:

```
Username: patpani.mumbai
Name: Patpani | Girgaon Faral | पाटपाणी
Bio: पूर्वीचं गिरगाव फराळ. काकू त्याच, नंबर तोच.
```

जुनं नाव मुद्दाम रोमन अक्षरांत ठेवलंय, कारण शोधताना बहुतेक लोक `girgaon faral` असंच टाइप करतात. `Name` ला 64 अक्षरांची मर्यादा आहे आणि 14 दिवसांत ते दोनदाच बदलता येतं. त्यामुळे आधी नोट्समध्ये लिहून, दोनदा वाचून, मगच चिकटवा. टायपो सुधारण्यात एक संधी गेली की उरते एकच. अकाउंट बरंच मोठं असेल तर इन्स्टाग्राम हा बदल आधी तपासणीला घेऊ शकतं. साडेसहा हजारांच्या अकाउंटला सहसा तसं होत नाही.

थ्रेड्स वापरत असाल तर तिथलं हँडल इन्स्टाग्रामबरोबर आपोआप बदलतं. फेसबुक पेजचं मात्र वेगळं बदलावं लागतं. तिथे नाव आधी तपासणीला जातं, आणि एकदा बदललं की सात दिवस पुन्हा हात लावता येत नाही.

प्रोफाइल फोटोला आज हात लावायचा नाही. काकूंचा तो पितळी डब्यातल्या चकल्यांचा फोटो लोकांच्या डोळ्यांत बसला आहे. फीडमध्ये नाव वाचण्याआधी नजर त्या गोल चित्रावर जाते. तो तीन आठवडे तसाच राहू द्या.

जुनं हँडल मोकळं सोडू नका

हँडल बदललं की पुढचं काम त्याच बैठकीत. इन्स्टाग्राम साधारणपणे 14 दिवस तुम्हाला जुन्या नावावर परत जाऊ देतं. त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतं. हे "कुणीही" म्हणजे नेहमी दुसरा प्रामाणिक फराळवालाच असेल असं नाही. जुनं हँडल घ्यायचं, तुमचेच फोटो डाउनलोड करून टाकायचे आणि दिवाळीच्या तोंडावर "ॲडव्हान्स पाठवा" म्हणून क्यूआर कोड पाठवायचा, इतकं ते सोपं आहे. गिऱ्हाइकाच्या घरातल्या डब्यावर तेच हँडल छापलेलं असल्यामुळे त्याला संशयही येत नाही.

म्हणून एक दुसरं अकाउंट उघडा. एका ॲपमध्ये एकाहून जास्त अकाउंट ठेवता येतात. त्यावर जुनं हँडल घ्यायचा लगेच प्रयत्न करा. मिळालं तर उत्तम. "उपलब्ध नाही" आलं तर रोज एकदा बघत राहा, आणि 14 दिवस उलटतात त्या दिवशी तर आवर्जून. तारीख वहीत लिहून ठेवा.

मिळालेल्या जुन्या हँडलवर तोच चकल्यांचा फोटो लावा, बायोमध्ये लिहा: "आम्ही आता @patpani.mumbai इथे आहोत. या अकाउंटवर ऑर्डर घेत नाही." एक पोस्ट टाका, तीत तेच लिहा, आणि अकाउंट पब्लिक ठेवा. बाकी काही टाकू नका, कुणाला फॉलो करू नका. हे अकाउंट वाट दाखवायला आहे. त्यावर फॉलोअर जमायला लागले तर तुमचीच माणसं दोन ठिकाणी वाटली जातील. डीएम मात्र आठवड्यातून एकदा बघा.

आधीच कुणी ते घेऊन तुमच्या नावाने बसलं असेल, तर इन्स्टाग्रामवर तोतयेगिरीची तक्रार करा आणि गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर लगेच कळवा. कुणाचे पैसे गेले असतील तर त्यांना 1930 या सायबर हेल्पलाइनवर किंवा `cybercrime.gov.in` वर ताबडतोब तक्रार करायला सांगा. तिथे प्रत्येक तासाला किंमत असते.

आणखी एक. फोटोत तुम्हाला टॅग केलेलं असेल तर तो टॅग नव्या हँडलकडे आपोआप वळतो. पण कुणी कॅप्शनमध्ये जुनं हँडल टाइप केलं असेल तर ते जुनंच राहतं. ज्या दोन-तीन पोस्टींवरून तुमच्याकडे सतत गिऱ्हाईक येतं, त्या लोकांना नम्रपणे मेसेज करून कॅप्शन बदलून घ्या. बाकीच्यांच्या मागे लागू नका. जुनं हँडल तुमच्याकडे आहे, वाट चुकलेलं माणूस तिथून येईल.

लोकांना सांगायचं कसं

नाव बदलल्याची पोस्ट करताना एक चूक सर्रास दिसते: नवा लोगो चकचकीत पार्श्वभूमीवर टाकायचा आणि खाली नव्या प्रवासाबद्दल दोन परिच्छेद. गिऱ्हाइकाला प्रवासात रस नसतो. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात. तुम्ही तेच आहात का, माल तोच आहे का, आणि ऑर्डर आता कुठे द्यायची.

म्हणून फोटो ओळखीचा घ्या. काकूंनी जुना डबा आणि त्याच्याशेजारी नव्या स्टिकरचा डबा, मध्ये चकल्या, असा साधा फोटो काढावा. खाली एवढंच:

"गिरगाव फराळ आता पाटपाणी. गिरगावातून दहिसरला आलो, आणि आता वर्षभर सगळंच करतो, म्हणून नाव बदललं. करणारे हात तेच, भाव तेच, व्हॉट्सॲप नंबर तोच. तुम्हाला काहीही करायची गरज नाही."

शेवटचं वाक्य सोडू नका. बँकेचे आणि केवायसीचे मेसेज वाचून वाचून लोकांना नाव बदललं म्हटलं की धास्ती वाटते, आता पुन्हा काहीतरी भरायचं असेल. ही पोस्ट प्रोफाइलवर पिन करा, तीनपर्यंत पोस्टी पिन करता येतात. पुढचे तीन आठवडे प्रत्येक कॅप्शनच्या पहिल्या ओळीत दोन्ही नावं येऊ द्या. तुम्हाला स्वतःला त्याचा कंटाळा येईल, पण प्रत्येक फॉलोअरला प्रत्येक पोस्ट दिसत नसते.

व्हॉट्सॲपवर नंबर तोच, एवढं सांभाळलं की पुष्कळ

व्हॉट्सॲपवर धंद्याचा पत्ता म्हणजे तुमचा नंबर. `wa.me` ची लिंकही नंबरावरच चालते, त्यामुळे नाव बदलून ती तुटत नाही. नव्या नावाबरोबर नवा नंबर घ्यायचा मोह मात्र अनेकांना होतो. घेऊ नका.

बिझनेस प्रोफाइलमध्ये नाव बदला, पण गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये तुम्ही "फराळ काकू गिरगाव" अशाच नावाने सेव्ह असणार, आणि त्याला तेच दिसणार. ते बदलायला कुणी बसत नाही, बदलायची गरजही नाही. फक्त चॅटमध्ये एक मेसेज असा जाऊ द्या की ज्यात दोन्ही नावं आहेत. व्हॉट्सॲपच्या शोधात मेसेजमधले शब्दही सापडतात. सहा महिन्यांनी कुणी "पाटपाणी" शोधलं किंवा "गिरगाव फराळ" शोधलं, तरी तुमचंच चॅट वर येतं.

ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर एका यादीत 256 नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. उरलेल्यांसाठी ग्रीटिंग मेसेज कामाला येतो. `Business tools` मध्ये तो लावता येतो. पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला, किंवा 14 दिवस काहीच बोलणं झालेलं नसेल त्याला, तो आपोआप जातो. वर्षातून एकदा ऑक्टोबरात "काकू, यंदा दोन किलो चिवडा" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासाठी याहून नेमकी सोय नाही. त्यात लिहा: "नमस्कार, पाटपाणी, म्हणजे पूर्वीचं गिरगाव फराळ. बरोबर ठिकाणी आलात. ऑर्डर सांगा."

गुगलवर नवीन खातं उघडू नका

इथे लोक हमखास दोन उलटी कामं करतात. जुन्या नावाची नोंद `Permanently closed` करतात आणि नव्या नावाने दुसरी उघडतात. मग जुने सगळे रिव्ह्यू बंद दुकानापाशी पडून राहतात, आणि जुन्या नावाने शोधणाऱ्याला लाल अक्षरांत "कायमचं बंद" दिसतं. असलेल्याच नोंदीत नाव बदलायचं, रिव्ह्यू बरोबर येतात.

इन्स्टाग्रामवर जी युक्ती केली ती मात्र गुगलवर चालत नाही. नावाच्या रकान्यात "पाटपाणी, पूर्वीचं गिरगाव फराळ" असं लिहू नका. गुगलचा नियम असा की पाटीवर आणि प्रत्यक्ष व्यवहारात जे नाव आहे तेवढंच तिथे असावं, जादा शब्द घातले तर नोंद अडचणीत येऊ शकते. जुनं नाव वर्णनात घाला, तिथे 750 अक्षरांची जागा आहे. नाव बदलल्यावर गुगल पुन्हा पडताळणी मागू शकतं, कधी कधी व्हिडिओवरून. तेव्हा नव्या नावाची पाटी, लेबल किंवा कागद दाखवावा लागतो. म्हणून गुगलचं काम नवी पाटी किंवा लेबलं हातात आल्यावर, म्हणजे पाडव्याच्या सुमारास करा.

पैसे देताना दिसणारं नाव

हा गोंधळ सगळ्यात कमी लक्षात येतो आणि सगळ्यात जास्त फोन इथूनच येतात. डब्यावर गिरगाव फराळ, इन्स्टाग्रामवर पाटपाणी, आणि यूपीआयने पैसे देताना स्क्रीनवर काकूंचं बँकेतलं पूर्ण नाव. तीन नावं, एकच माणूस. फसवणुकीच्या बातम्या वाचलेला कुणीही इथे थबकणार, आणि त्याने थबकावंच.

हे नाव तुम्हाला ॲपमध्ये जाऊन बदलता येत नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या सूचनेनुसार जून 2025 च्या अखेरीपासून यूपीआय ॲपांनी व्यक्तींना आणि छोट्या व्यापाऱ्यांना पैसे पाठवताना खात्यावर बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं आहे. क्यूआर कोडमध्ये घातलेलं किंवा कुणी स्वतः ठेवलेलं नाव नाही. त्यामुळे पाटपाणी असा नवा क्यूआर छापून आणला तरी स्क्रीनवर काकूच दिसणार.

उपाय साधा आहे. पैसे मागणाऱ्या प्रत्येक मेसेजमध्ये एक ओळ: "पैसे पाठवताना स्क्रीनवर अमुक नाव दिसेल, दुसरं काही दिसलं तर पाठवू नका." ही ओळ व्हॉट्सॲपच्या क्विक रिप्लायमध्ये ठेवा, म्हणजे दर वेळी टाइप करायला नको. तोतया उपटलाच तरी हीच ओळ गिऱ्हाइकाला वाचवते.

कागदपत्रं आणि पाटी

फक्त लेबलावरचं आणि सोशल मीडियावरचं ब्रँडचं नाव बदललं, आणि धंदा अजून त्याच व्यक्तीच्या नावावर असेल, तर कागदोपत्री फार काही हलत नाही. एफएसएसएआयची नोंदणी ज्या नावाने आणि पत्त्याने आहे ते मात्र तपासा. काकू गिरगावातून दहिसरला आल्या आहेत, म्हणजे पत्ता बदलला आहे, आणि ते नावापेक्षा मोठं काम आहे. ते `FoSCoS` पोर्टलवर करायचं. लेबलवर 14 आकडी क्रमांक आणि पत्ता बरोबर असायला हवा. उरलेल्या जुन्या डब्यांवर "आता पाटपाणी" असा स्टिकर लावून ते खपवायला हरकत नाही, पण स्टिकर क्रमांकावर, तारखेवर किंवा घटकांच्या यादीवर चिकटवू नका. क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत छोटे गोल स्टिकर सहज मिळतात. आधी डब्यावर जागा मोजून मग माप सांगा.

जीएसटी असेल आणि तिथलं व्यापारी नाव बदलत असाल, तर बदल झाल्यापासून 15 दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो. जुन्या नावाची बिलं देत बसलात तर दुकानदार गिऱ्हाईक पहिल्यांदा तक्रार करतं.

दुकान किंवा काउंटर असेल तर पाटीवर नाव मराठीत, देवनागरीत हवं, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात हे लहान दुकानांनाही लागू आहे, आणि नोव्हेंबर 2023 पासून मुंबईत महापालिकेने तपासणीही सुरू केली. इंग्रजी लोगो करून घेतला आणि देवनागरी नंतर कोपऱ्यात कोंबलं, असं होऊ देऊ नका. डिझाइन करणाऱ्याला पहिल्याच दिवशी दोन्ही लिपी मागा.

नीट चाललंय का, हे कसं ओळखायचं

इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये किती जणांनी फॉलो केलं आणि किती जणांनी सोडलं, हे दोन्ही दिसतं. बदलाच्या आधीच्या महिन्याचे आकडे आधीच लिहून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? बदलानंतर पहिला आठवडाभर सोडणाऱ्यांची संख्या थोडी वाढते. ती दुसऱ्या आठवड्यातही चढीच राहिली, तर लोकांना ओळख पटत नाहीये असं समजा. तेव्हा नव्या घोषणा करू नका. पुढचे काही दिवस लोकांना तोंडपाठ असलेले पदार्थच दाखवा, काकूंचा चेहरा किंवा आवाज असलेलं एखादं रील टाका, आणि फोटो बदलायची तारीख पुढे ढकला. पाडवा गेला तरी चालेल, अक्षय्य तृतीया आहेच.

दुसरी कसोटी डीएम आणि फोन. "तुम्ही गिरगाव फराळवालेच का?" असं विचारणारे पहिल्या महिन्यात येणारच, ती चांगली खूण आहे, कारण ते शोधत आलेत. "तुमचं पेज दिसत नाही" असं कुणी म्हणालं, तर लगेच विचारा की कुठल्या लिंकवरून गेलात, आणि ती जागा वहीत आहे का बघा. शिवाय ज्या फोनमध्ये तुमचं अकाउंट नाही, अशा एखाद्या फोनवरून जुनं नाव शोधून बघा आणि छापलेला प्रत्येक क्यूआर स्कॅन करून बघा. स्वतःच्या फोनवर सगळंच बरोबर दिसतं.

लोगो आणि फोटो पाडव्याला बदलला, तरी `Name` मधलं आणि डब्यावरचं "गिरगाव फराळ" एवढ्यात काढायचं नाही. वर्षातून एकदाच येणारं गिऱ्हाईक अजून यायचं आहे. ते ऑक्टोबरात येईल, जुन्या नावाने शोधेल, ग्रीटिंग मेसेज वाचेल आणि मगच त्याला नवं नाव कळेल. एक अख्खी दिवाळी जाऊ द्या. तुळशीचं लग्न लागलं की `Name` मधून जुनं नाव काढा, डब्यावरची "पूर्वीचं" ही ओळ पुढच्या छपाईत गाळा, ग्रीटिंग मेसेज आटोपशीर करा.

जुन्या हँडलचं अकाउंट मात्र तेव्हाही बंद करायचं नाही. फार काळ कुणी फिरकलं नाही तर इन्स्टाग्राम निष्क्रिय अकाउंट काढून टाकू शकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यात लॉगिन करा, आलेले डीएम बघा. त्याचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर काकूंच्या स्वतःच्या हातात असावा, पेज सांभाळणाऱ्या भाच्याच्या नव्हे.